एकशेवीस पत्त्यांचं वर्ष

गेल्या वर्षी परिपाठात मी मुलांना एक चुकीची गोष्ट सांगितली, आणि तीही मोठ्या रंगात येऊन.

फिरत फिरत आलेला एक मेसेज होता. तुमच्याकडेही आला असेल. पत्त्यांच्या जोडात ५२ पत्ते, कारण वर्षाचे आठवडे ५२. चार रंग म्हणजे चार ऋतू. प्रत्येक रंगात १३ पत्ते, कारण ऋतूचे आठवडे १३. लाल म्हणजे दिवस, काळा म्हणजे रात्र. चित्रांचे पत्ते बारा, म्हणजे बारा महिने. आणि सगळ्यांत भारी म्हणजे बेरीज: एक्क्यापासून राजापर्यंत १ ते १३ मिळवले की ९१, त्याची चारपट ३६४ आणि जोकरचा एक धरला की ३६५. गणिताचा तासही साधला जाईल म्हणून मी फळ्यावर बेरीज करून दाखवली. उत्तर बरोबर आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला हात वर झाला तो मागच्या बाकावरचा. "बाई, पण आपले ऋतू सहा ना?" मी म्हटलं, अरे, हे पत्ते परदेशातून आलेत, तिकडे चार. माझी वेळ कशीबशी निभावली. मग सहावीतली एक मुलगी उठली. तिचं आजोळ सावंतवाडीजवळ. ती म्हणाली, "बाई, आजीकडच्या पत्त्यांचो जोड एकशेवीसचो आसा. मगे त्येंचा वर्स केवढा?"

वर्ग हसला. मी पण हसले. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. "शोधून सांगते" म्हणाले आणि घंटेने वाचवलं. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत आणि पुढचे काही महिने मी हेच शोधत होते. पत्ते कुठून आले, आणि प्रत्येक देशाचे रंग आणि राजे वेगळे का? जे सापडलं ते इथे लिहिते आहे. एक तर तोच मेसेज दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत वाचला जातो. आणि दुसरं, खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा कितीतरी मजेची आहे.

आधी त्या ३६५चा निकाल लावू. जोकर हा पत्ता अमेरिकेतला. १८६०च्या दशकात तिथे 'यूकर' नावाच्या खेळासाठी सगळ्यांना मारणारा एक जादा पत्ता हवा होता, म्हणून तो घातला गेला. युरोपात पत्ते त्याच्या आधी जवळजवळ पाचशे वर्षं खेळले जात होते, तेही जोकरशिवाय. म्हणजे ३६५ची बेरीज कोणी ठरवून केलेली नाही, ती नंतर जुळलेली आहे. बावन्नचं म्हणाल तर तोही काही जगाचा नियम नाही. स्पेनमध्ये ४० किंवा ४८ पत्त्यांचा जोड असतो, जर्मनीत ३२चा चालतो, स्वित्झर्लंडमधल्या लोकप्रिय खेळाला ३६ पत्ते लागतात. वर्ष मात्र सगळीकडे तेवढंच.

मग ५२ आले कुठून? याचं उत्तर इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात आहे. तिथे एल. ए. मायर या अभ्यासकाला १९३१ साली जुन्या पत्त्यांचा एक जोड सापडला. तो इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातला, पंधराव्या शतकाच्या आसपासचा आहे. पत्ते हाताने रंगवलेले, सोन्याची कलाकुसर केलेले आणि जवळजवळ २५ सेंटीमीटर लांब. आपल्या फूटपट्टीएवढे म्हणा ना! आज त्यातले ४७ उरले आहेत, पण मांडणी लक्षात येते. रंग चार आणि प्रत्येकात तेरा पत्ते. एक ते दहा, आणि वर तीन अधिकारी.

हे तीन अधिकारी नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते. पहिला मलिक, म्हणजे राजा. दुसरा नायब, राजाचा प्रतिनिधी. तिसरा दुय्यम नायब. 'नायब तहसीलदार' मधला हा तोच नायब. राणी नाही. आणि गंमत म्हणजे चेहरेही नाहीत. या पत्त्यांवर माणसाचं चित्रच काढलेलं नाही. वेलबुट्टी आणि रंगाची खूण, आणि हुद्दा अक्षरांत लिहिलेला. त्यामुळे पत्ता कोणता हे कळायला वाचता यायला हवं.

चार रंग होते ते असे: पेले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या. चौगान म्हणजे घोड्यावर बसून खेळायचा पोलो. सुलतानाच्या दरबारात जे जे असे तेच पत्त्यांवर आलं. मेजवानी, खजिना, लढाई आणि खेळ. (नाण्यांचा रंग त्याहूनही जुना दिसतो. पत्त्यांचं मूळ चीनमध्ये मानलं जातं आणि तिथल्या जुन्या पत्त्यांचे रंग सगळे पैशांचेच: सुटी नाणी, नाण्यांच्या माळा, मग दहा हजारांच्या राशी.)

आता हा जोड समुद्र ओलांडून युरोपात जातो. १३७०च्या दशकात तिथल्या कागदपत्रांत पत्ते एकदम दिसू लागतात. १३७७ साली फ्लॉरेन्स शहरात त्यांच्यावर बंधनं आली, म्हणजे तोवर खेळ चांगलाच बोकाळला असणार. इटलीत त्या पत्त्यांना म्हणत 'नाइबी'. स्पेनमध्ये आजही पत्त्यांना 'नाइपेस' म्हणतात. आला ना लक्षात? नायब! नवीन खेळ आला, त्यातला एक अनोळखी शब्द लोकांच्या कानावर पडला आणि तेच सगळ्या खेळाचं नाव झालं. म्हणजे उद्या आपण "चला, गुलाम खेळूया" असं म्हणू लागावं तसं.

पण काठीचं काय झालं? इटली-स्पेनच्या कारागिराला पेला कळला, नाणं कळलं, तलवार कळली. पोलो मात्र तिथे कोणी पाहिलेला नव्हता. समोरच्या पत्त्यावर एक लांब दांडा आणि त्याला खाली वाकडं टोक. याचं काय करायचं? त्याने ती काठी म्हणून काढली. इटलीत ती मानकऱ्याच्या हातातल्या दंडासारखी गुळगुळीत झाली, स्पेनमध्ये ओबडधोबड, फांदीचे खुंट राहिलेला सोटा झाली. आजही स्पेनचे पत्ते पाहिलेत तर हिरवट सोटे दिसतील. पोलो गेला, काठी उरली.

माझ्या दृष्टीने या विषयाचा जीव इथेच आहे. कोणी बसून "आपल्या देशाला शोभतील असे रंग ठरवूया" असं म्हणालेलं नाही. पत्ते पुढे जात राहिले, आणि ज्या गावाला जी खूण ओळखू आली नाही तिथे ती त्या गावाने आपल्या ओळखीची करून घेतली.

अधिकाऱ्यांचंही तेच. राजा सगळीकडे होता, त्याचा प्रश्न आला नाही. नायब हा हुद्दा मात्र इटालियन, स्पॅनिश लोकांना परका. आता पत्त्यांवर माणसं काढायला सुरुवात झाली होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या जागी घोडेस्वार बसवला आणि तिसऱ्या जागी पायी चालणारा शिपाईगडी. जर्मन लोकांनी त्याहून सोपा मार्ग काढला. त्यांच्याकडे राजाखालच्या दोघांची नावंच आहेत 'ओबर' आणि 'उंटर', म्हणजे वरचा आणि खालचा. ओळखायचे कसे? रंगाची खूण पत्त्याच्या वरच्या भागात असेल तर ओबर, खाली असेल तर उंटर. वाचता येण्याची गरजच नाही. नायब आणि दुय्यम नायब यांच्या सर्वांत जवळचे नातेवाईक मला हेच दोघे वाटतात. जर्मनांनी रंगही आपले केले: बदाम, पान, ओकच्या झाडाचं फळ आणि घुंगरासारखी गोल घंटा. शेजारच्या स्वित्झर्लंडने फळ आणि घंटा ठेवल्या, पण बदाम आणि पानाच्या जागी फूल आणि ढाल आणली. एवढ्याशा अंतरात एवढा फरक!

मग आपले बदाम, इस्पिक, किलवर, चौकट कुठले? ते फ्रान्सचे, साधारण १४८०च्या सुमाराचे. ते जगभर का पसरले याचं कारण सौंदर्य नाही, खर्च आहे. तलवारीची दश्शी काढायची तर एकमेकींत गुंतलेल्या दहा तलवारी लाकडी ठशात कोराव्या लागत. जर्मन ओकच्या फळांचंही तसंच, प्रत्येक पत्त्याचा ठसा वेगळा. फ्रेंचांनी खुणा इतक्या साध्या केल्या की नुसती बाहेरची आकृती पुरे, आत एकच रंग, लाल किंवा काळा. मग ठसा फक्त चित्रांच्या बारा पत्त्यांसाठी. बाकीचे चाळीस पत्ते कापलेल्या पत्र्यातून रंग फिरवून काढायचे, आपण छापाची रांगोळी काढतो तसे. पत्ते झपाट्याने तयार झाले, स्वस्त झाले आणि बाजार त्यांचा झाला. फ्रेंचांनी घोडेस्वाराला रजा देऊन त्या जागी राणी बसवली. नायबाची खुर्ची शेवटी राणीकडे गेली ती अशी.

तिथून हे पत्ते इंग्लंडला गेले. आणि इथे मला तो प्रश्न सुटला जो शाळेत असताना मलाच पडला होता. इंग्रजीत किलवरला 'क्लब्ज' का म्हणतात? क्लब म्हणजे सोटा. पत्त्यावर तर तीन पानांची पाकळी आहे! आणि इस्पिकला 'स्पेड' म्हणतात, पण ते चित्र फावड्यासारखं कुठे दिसतं? उत्तर असं, की इंग्लंडमध्ये आधी स्पेन-इटलीकडचे पत्ते पोचले होते. त्यांतल्या सोट्यांच्या रंगाचं नाव भाषांतर होऊन 'क्लब्ज' झालं, आणि तलवारीला त्यांच्याकडे 'एस्पादा', 'स्पादा' म्हणतात, त्याचं 'स्पेड' झालं. पुढे फ्रेंच पत्ते आले, चित्रं बदलली, पण लोकांच्या तोंडात बसलेली नावं तीच राहिली. म्हणजे इंग्रज माणूस आजही तीन पानांकडे बोट दाखवून 'सोटा' म्हणतो, आणि त्या सोट्याच्या मागे कैरोमधली पोलोची काठी आहे. आपण मराठीत मात्र जे दिसलं ते म्हटलं. बदामाच्या आकाराचं ते बदाम, चौकोनी ती चौकट. 'किलवर'चा उच्चार डच लोकांच्या 'क्लावर'शी जुळतो, आणि क्लावर म्हणजे तीच तिपानी.

आता घरातला जोड काढा. खरंच काढा, मी वर्गात हेच केलं. (एका पालकांनी दुसऱ्या दिवशी येऊन "शाळेत पत्ते?" असं विचारलं. त्यांना मी त्याच टेबलावर बदामचा राजा दाखवला. चहा होईपर्यंत ते स्वतःच जोड चाळत बसले होते.)

बदामचा राजा बघा. चार राजांत मिशा नसलेला हा एकटाच. त्याचा हात वर गेलाय आणि तलवार जणू स्वतःच्याच डोक्यात खुपसतोय. मुलांनी लगेच म्हटलं, "बाई, हा वेडा आहे." तो वेडा नाही. आपल्या जोडातली चित्रं इंग्लंडची आणि इंग्लंडने ती घेतली फ्रान्समधल्या रुआं शहराच्या पत्त्यांवरून. रुआंच्या जुन्या पत्त्यावर या राजाच्या हातात कुऱ्हाड आहे, साधी खांद्याशी धरलेली. पण कारागीर मूळ चित्र बघून नाही, आधीच्या नकलेवरून नक्कल करत गेले. नकलेत कुऱ्हाडीचं पातं कडेला सरकलं, मग गेलं. उरला नुसता दांडा, आणि पुढच्या कोणीतरी त्याची तलवार केली. त्यात एकोणिसाव्या शतकात पत्ते दुतोंडी झाले, म्हणजे कसाही धरला तरी राजा सुलटाच. सोय झाली, पण प्रत्येक चित्राचं कमरेखालचं अंग कापलं गेलं. हातात काय धरलंय, कुठून सुरू होतंय, हे कळेनासं झालं. चौकटचा राजा बाजूने बघतोय, म्हणून त्याचा एकच डोळा दिसतो, आणि त्याची कुऱ्हाड अजून शाबूत आहे. इस्पिक आणि बदामचे गुलामही एकाच डोळ्याचे. मुलांना हे चौघे दाखवले की तास संपल्याचं कळत नाही.

त्या मेसेजमध्ये आणखी एक वाक्य असतं, की चार राजे म्हणजे डेव्हिड, सीझर, अलेक्झांडर आणि शार्लमेन. ही नावं खरी, पण ती पॅरिसच्या पत्त्यांवर छापलेली असतात. आपल्या इंग्लिश धाटणीच्या राजांना नावंच नाहीत. आणि फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा तर १७९३-९४ मध्ये राजा-राणी-गुलाम पत्त्यांवरूनही हद्दपार झाले. राणीच्या जागी 'स्वातंत्र्य' आणि गुलामाच्या जागी 'समता' अशा आकृत्या आल्या. नेपोलियनच्या वेळेपर्यंत राजेसाहेब परत आपल्या जागी.

आता आजीच्या एकशेवीसकडे येते. खरं तर सगळी खटपट त्याच्यासाठीच होती.

ते पत्ते म्हणजे गंजिफा. इजिप्तच्या पंधराव्या शतकातल्या इतिहासात पत्त्यांना 'कंजिफा' म्हटलेलं आहे, म्हणजे नाव एकाच घरातलं. मात्र आपल्याकडे ते युरोपातून नाही, इराणच्या वाटेने आले. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या जुन्या जोडाचं वर्णन केलंय. त्यात अश्वपती, गजपती, नरपती असे बारा राजे, आणि प्रत्येकाचा एक वजीर. पुढे मोगल गंजिफा म्हणून जो रूढ झाला त्यात आठ रंग आहेत: ताज, सफेद म्हणजे चांदीची नाणी, शमशेर, गुलाम म्हणजे चाकर, चंग हे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याची नाणी, बरात आणि किमाश म्हणजे मालसामान. बरात म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम. पेशव्यांच्या कागदांत 'वरात' भेटते ती हीच. थोडक्यात खजिना, फौज, चाकर, दफ्तर, कोठार असा सगळा कारभारच पत्त्यांवर उतरलाय. एका रंगात एक ते दहा आणि वर राजा व वजीर, असे बारा. आठ गुणिले बारा, शहाण्णव. इथे नायबाची खुर्ची कोणी काढून घेतली नाही. वजीर म्हणून तो बसूनच राहिला.

महाराष्ट्रात, ओडिशात, बंगालमधल्या विष्णुपुरात हाच सांगाडा घेऊन त्यावर दशावतार चढवले. रंग दहा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवं, परशुरामाच्या रंगावर परशू. राजाच्या जागी स्वतः अवतार, दुसऱ्या जागी प्रधान. दहा गुणिले बारा, एकशेवीस. हे आजीचं उत्तर. त्यातही गाव बदललं की चित्र बदलतं. नववा अवतार अनेक ठिकाणी बुद्ध, तर ओडिशात जगन्नाथ. ओडिशात रामायणाचेही जोड आहेत, एका बाजूला रामाकडचे रंग आणि दुसऱ्या बाजूला रावणाकडचे.

या पत्त्यांत प्रत्येक रंगाची जमीन वेगळ्या रंगाची असते. एक जमीन लाल, एक हिरवी, एक पिवळी असं. ओडिशात जोडाला सरळ 'अठारंगी', 'दसरंगी' म्हणतात. आपण इंग्रजी जोडातल्या बदाम-किलवरलाही 'रंग' म्हणतो, पण तिथे रंग आहेत दोनच. चार खुणांना 'रंग' म्हणायची सवय आपल्याला गंजिफावरून लागली असावी, असं आपलं मला वाटतं.

मे महिन्यात त्या मुलीच्या आजींना भेटायला गेले. जोड पेटीत, कापडात गुंडाळलेला. पत्ते गोल, बशीपेक्षा लहान, लाखेने चकाकणारे. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, त्यावर रंग आणि लाख देत. आजींना खेळ आता अर्धाच आठवतो. पण दोन गोष्टी त्यांनी न अडखळता सांगितल्या. पहिली म्हणजे, दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची आणि रात्री बसलं तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने. म्हणजे दिवस-रात्र पत्त्यांत खरोखर आहे, पण त्या मेसेजमध्ये सांगितलंय तिथे नाही! दुसरी गोष्ट, पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान.

दुसरी गोष्ट ऐकताना मी वही काढली. कारण हीच रीत मी युरोपच्या जुन्या खेळांबद्दल वाचली होती. टॅरो आणि ओंब्रे हे तिकडचे जुने खेळ. त्यांत तलवारी आणि काठ्या या रंगांत मोठा आकडा मोठा, पण पेले आणि नाणी यांत लहान आकडा मोठा. नाण्यांची दुर्री नाण्यांच्या नव्वीला मारते. मोगल गंजिफातही चार रंग सुलटे आणि चार उलटे. चीनच्या जुन्या खेळातही सुट्या नाण्यांच्या रंगात कमी नाणी भारी. अशी विचित्र रीत तीन दूरच्या ठिकाणी आपापली सुचेल हे पटत नाही. चित्रं पार बदलली. पोलोची काठी सोटा झाली, नायबाचा घोडेस्वार झाला, सुलतान जाऊन मत्स्यावतार आला. पण डाव मांडायची पद्धत आजोबांकडून नातवाकडे तशीच गेली. पत्त्यांचं नातं शोधायचं तर चित्र बघू नये, आधी विचारावं की दश्शी मोठी की एक्का.

आजी म्हणाल्या, "ह्यां त्येंका पण म्हायत आसा?" त्यांना म्हणजे परदेशातल्यांना. होतं, म्हटलं. बहुतेक जण आता विसरलेत.

परत येताना सावंतवाडीच्या राजवाड्यात गेले. तिथे गंजिफा आजही रंगवले जातात, कारागीर बसलेले बघता येतात. एके काळी ही कला जवळजवळ थांबली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्याला हाताशी धरून ती पुन्हा सुरू केली. तिथे बारीक कुंचल्याने एका पत्त्यावर सात मासे काढताना पाहिले आणि फ्रेंचांनी पत्रा कापून रंग का फिरवला ते आणखी चांगलं कळलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात परिपाठात मी सांगितलं की गेल्या वर्षी मी जे सांगितलं ते चूक होतं, बेरीज बरोबर होती पण गोष्ट खोटी होती. मुलांना बाईंची चूक फार आवडते. सहा ऋतूंवाला मुलगा आता सातवीत, त्याने मान डोलावली. त्याला मी जपानच्या हानाफुदा पत्त्यांबद्दल सांगितलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानला ४८ पत्ते नेले. पुढे तिथल्या राज्यकर्त्यांनी जुगार म्हणून बंद्या घातल्या, लोकांनी रूप पालटून नवे पत्ते काढले. असं होत होत ४८ फुलापानांचे पत्ते झाले. चार रंगांत बारा पत्त्यांऐवजी बारा रंगांत चार पत्ते, आणि प्रत्येक रंग म्हणजे एक महिना. पाइन जानेवारीचा, चेरीची फुलं मार्चची. "म्हणजे कॅलेंडरचे पत्ते आहेत तर!" तो म्हणाला. आहेत, पण जपानात. आणि ज्या कंपनीचे व्हिडिओ गेम तुम्ही खेळता ती निन्टेन्डो १८८९ मध्ये हेच पत्ते बनवायला सुरू झाली होती, हे सांगितल्यावर पुढची दहा मिनिटं वर्ग माझा राहिला नाही.

मग एक उपक्रम केला. तुमच्याकडे करून बघा, साहित्य फक्त जुन्या वह्यांचे पुठ्ठे. वर्गाचे पाच गट. पहिल्या गटाने आपले चार रंग ठरवायचे आणि प्रत्येकाची तिर्री काढायची. त्यांनी निवडलं: नारळ, होडी, मासा आणि क्रिकेटची बॅट. दुसऱ्या गटाला तो पत्ता दहा सेकंद दाखवायचा, काय आहे ते सांगायचं नाही, आणि आठवून काढायला लावायचं. तिसऱ्याने दुसऱ्याचं बघायचं, असं पाचव्यापर्यंत. नारळ आणि मासा पाचव्या गटापर्यंत ठीक पोचले. होडीची केळ्याची फोड झाली. बॅट तिसऱ्या गटातल्या मुलींनी कपडे धुवायचं धोपटणं म्हणून काढली, चौथ्यांनी त्याला बारीक दांडा आणि गोल तोंड दिलं, आणि पाचव्या गटाने फळ्यावर लिहिलं: "रंग चौथा, पळी."

आजींची नात पहिल्या गटात होती. ती कंबरेवर हात ठेवून पळीकडे बघत म्हणाली, "बाई, ही आमची बॅट."